त्वचा ‘गुळगुळीत’ करायची की ‘नितळ’? फ्रीक्वेन्सी सेपरेशनला मराठीत काय म्हणावं?

पानसुपारी
छायाचित्रणाच्या एका वर्गाची टिपणं मराठीत आणते आहे. विषय फोटोशॉपमधलं फ्रीक्वेन्सी सेपरेशन, म्हणजे पोर्ट्रेटमधल्या त्वचेवरचं काम. एका वाक्यावर गाडी अडली आहे. सरळ मराठीत ते असं होतं: ‘त्वचा गुळगुळीत करा, पण पोत तसाच ठेवा.’ वाक्याचा पुढचा भाग मागच्याला खोडतो. गुळगुळीत गोट्याला पोत कुठला? संपादकांनी ‘मऊ’ सुचवलंय, पण मऊपणा हाताला कळतो, फोटोत कसा दिसणार? दुसरी अडचण ‘फ्रीक्वेन्सी’ची. ‘वारंवारता’ लिहिलं तर विद्यार्थ्यांना काही बोध होईल का?

उजेडवाट
‘नितळ’ लिहा. गुळगुळीत हा पृष्ठभागाचा गुण आहे, नितळ हा रंगाचा आणि छटेचा. नितळ कांतीला रंध्रं असतातच, फक्त डाग आणि चट्टे नसतात. या पद्धतीत नेमकी हीच फोड केलेली असते. फोटोच्या दोन प्रती करायच्या. खालची धूसर करायची, म्हणजे तिच्यात फक्त छटा उरतात: गालावरची लाली, डोळ्यांखालचा काळेपणा, नाकाची सावली. वरच्या प्रतीतून ही धूसर प्रत वजा करायची, म्हणजे तिच्यात उरतात रंध्रं, लव, बारीक रेषा. मग वरची प्रत Linear Light मध्ये ठेवली की दोन्ही मिळून मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो. नितळ करायचा तो खालचा थर. वरच्या थरात मोजक्याच जागी हात लावायचा. तुमचं वाक्य मराठीत विसंगत वाटतं, कारण ‘गुळगुळीत’ हा शब्द वरच्या थराबद्दल बोलतो आणि काम मुख्यतः खालच्यात आहे.

सांजभूल
नितळ ठीक. वारंवारता मात्र नको. वारंवारता प्रकाशाची असते, तांबड्याची कमी आणि निळ्याची जास्त. खालच्या थरात लाली जाते हे वर आलंच आहे, ते त्यामुळेच असणार. मग सरळ ‘रंगविभाजन’ म्हणा, लोकांना लगेच कळेल.

उजेडवाट
सांजभूल, रंग बहुतांशी खालच्या थरात जातो हे बरोबर, कारण चुकलं. ही वारंवारता प्रकाशलहरींची नाही, अंतराची आहे. चेहऱ्यावरून एक सरळ रेघ मनात ओढा आणि तिच्यावर उजेड-अंधार किती वेळा पालटतो ते पाहा. रंध्रांच्या जागी दर चार-सहा पिक्सेलला पालटतो, गालाच्या गोलाईत काहीशे पिक्सेलमध्ये एकदाच. लाली खाली जाते ती पसरट असते म्हणून, लाल असते म्हणून नव्हे. कृष्णधवल फोटोवरही ही पद्धत तशीच चालते. ‘रंगविभाजन’ लिहिलंत तर छपाईवाले शाईच्या चार रंगांकडे जातील.

जुनंबाड
वारंवारता हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द आहे, दहावी झालेल्या प्रत्येकाने वाचलेला. तो टाळण्याचं कारण नाही. ‘वारंवारता-विलगन’ लिहा, आणि थरांना ‘छटाथर’ व ‘पोतथर’. लेयर, ब्लर, टेक्स्चर हे सगळं उगाच आपल्या अंगवळणी पडलं आहे. शब्द वापरले तरच रुळतात.

खिडकीपाशी
स्टुडिओत कोणी ‘विलगन’ म्हणत नाही हो. तिथे ‘टचिंग’ म्हणतात, आणि हा शब्द निगेटिव्हच्या इमल्शनवर टोकदार पेन्सिल चालायची तेव्हापासूनचा आहे. शिकणाऱ्याच्या पडद्यावर Gaussian Blur लिहिलेलं असणार. टिपणात ‘गाउसीय धूसरण’ वाचून तो मेन्यूत काय शोधणार? छटाथर आणि पोतथर मात्र आवडले. पटकन कळतात आणि थरांना नाव द्यायलाही बरे.

चौकट
इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. माझा वरचा थर वजाबाकीनंतर सपाट राखाडी होतो, त्यात चेहराच दिसत नाही. खालचा थर ठीक आहे. 16-bit फाइल आहे. काय चुकतंय?

उजेडवाट
चौकट, Apply Image च्या खिडकीत Layer समोर Merged राहिलंय. वरचा थर चालू असताना Merged म्हणजे तोच थर. स्वतःतून स्वतःला वजा केलं की शून्य, त्यात मधला राखाडी मिळवला की सपाट राखाडी. तिथे खालच्या धूसर थराचं नाव निवडा. रंध्रं आणि पापण्यांच्या कडा राखाडीवर उठून दिसल्या की जमलं.

दुसरं, 16-bit ला आकडे वेगळे. 8-bit मध्ये Blending: Subtract, Scale: 2, Offset: 128. तुमच्याकडे Blending: Add, Invert ला खूण, Scale: 2, Offset: 0. कारण उदाहरणाने सांगतो. एका पिक्सेलची मूळ किंमत 182, धूसर थरात 170. फरक 12, त्याचा निम्मा 6, त्यात 128 मिळवून वरच्या थरात 134. Linear Light तो 6 पुन्हा दुप्पट करतं आणि 170 चे 182 होतात. पण फरक 13 असेल तर निम्मे साडेसहा, आणि 8-bit मध्ये अर्धा ठेवायला जागा नाही. तिथे मूळ फोटो एखाद्या पायरीने हुकतो. 16-bit मध्ये ही चूक नजरेत येण्याइतकी राहत नाही, म्हणून तुमची फाइल आहे तशीच ठेवा.

चौकट
झालं, चेहरा दिसायला लागला. आता ब्लर किती द्यायचा? एका ठिकाणी 5 वाचलं, दुसरीकडे 20.

उजेडवाट
तो आकडा फोटोवर ठरतो. 24 मेगापिक्सेलचा उभा फोटो घ्या, 4000 × 6000, खांद्यापर्यंतचा. चेहरा कानापासून कानापर्यंत साधारण 1500 पिक्सेल भरेल, आणि गालावर वांगाचे डाग आहेत असं धरा. Radius 3 ठेवलात तर रंध्रं छटाथरातही दिसत राहतात. मग डाग घालवायला तो थर धूसर केलात की ती रंध्रंही जातात आणि चेहरा प्लास्टिकचा होतो. 20 ठेवलात तर उलटं होतं: डागांच्या कडा पोतथरात चढतात, आणि खाली कितीही पुसलं तरी डागांची पुसट किनार वर राहते. या फोटोत 7-8 ला रंध्रं छटाथरातून नुकतीच नाहीशी होतात आणि डाग जवळजवळ पूर्ण खाली राहतात. तीच जागा हवी. चेहरा याच्या निम्मा असेल तर आकडाही साधारण निम्मा.

मग छटाथरावर Lasso, Feather 20 च्या आसपास, एकेका डागाभोवती निवड आणि पुन्हा Gaussian Blur, या वेळी 20-25. अख्खा गाल एकदम निवडू नका. गालाच्या हाडाची सावलीही त्याच थरात आहे, ती गेली की चेहरा चपटा दिसतो.

खिडकीपाशी
वाचकांच्या उपयोगाचं एक सांगते. मुरुमाचे दोन भाग असतात. त्याचा उंचवटा पोतथरात, लाली छटाथरात. वरून काढलात आणि खाली तसंच ठेवलंत तर सपाट त्वचेवर लाल ठिपका राहतो. फक्त खालून काढलात तर रंगहीन फोड. वरच्या थरावर Clone Stamp वापरताना Sample: Current Layer हवं. Current & Below राहिलं तर खालचा रंग राखाडी थरात उतरतो आणि धब्बे पडतात. ब्रश कडक काठाचा घ्या. मऊ काठात दोन ठिकाणची रंध्रं एकमेकांत मिसळून पुसट होतात, आणि तिथे गोल सपाट चकती दिसते. नमुनाही शेजारचाच उचला. नाकाची रंध्रं गालावर नेली तर लगेच ओळखू येतात.

लिंबलोण
मूळ मुद्द्याकडे यायचं तर ‘टेक्स्चर’ला ‘पोत’ हा शब्दच मला अपुरा वाटतो. कापडाला पोत, जमिनीला पोत. माणसाच्या त्वचेवर रंध्रं आहेत, लव आहे, सुरकुत्या आहेत, आणि ही सगळी एका थरात बसत नाहीत. गालावरची लव पोतथरात जाते. सुरकुतीची बारीक रेघ वर आणि तिची रुंद सावली खाली. म्हणजे ‘पोत तसाच ठेवा’ असं लिहिलं तर सुरकुती ठेवायची की काढायची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘रंध्रं आणि लव राखा’ असं स्पष्ट लिहा.

भूर्जपत्र
पोत अपुरा कसा? मंगळसूत्राची पोत, गोंधळातला पोत, कापडाचा पोत, सगळीकडे पीळ किंवा वीण आहेच. माझ्या मते हे सगळे एकाच मुळाचे, आणि ‘पोतेरं’ही त्यातलंच: सारवल्यावर जमिनीवर जी बोटांची वळणं उमटतात तोच पोत. त्वचेला याहून चांगला शब्द मिळणार नाही.

जुनंबाड
पोतेरं सारवण्याचं फडकं आहे, त्याचा वीण-पिळाशी संबंध जोडायला आधार हवा. आवाज सारखा म्हणून मूळ एक, असं धरता येत नाही. ती मंगळसूत्राची पोत, तो कापडाचा पोत. लिंगसुद्धा वेगळं आहे.

भूर्जपत्र
लिंग बदलल्याने मूळ बदलत नाही. वेळ आणि वेळू असं मी म्हणत नाहीये.

देवळीतला
तुम्ही सगळे दोनच थर धरून बोलताय. GIMP 2.10 पासून Wavelet decompose आहे, आकडा न बदलता चालवलं तर पाच पातळ्या आणि खाली Residual. Scale 1 मध्ये सगळ्यात बारीक, पुढची प्रत्येक पातळी आधीच्या दुप्पट जाड. वांगाचे डाग बहुधा 4, 5 मध्ये आणि Residual मध्ये पडतात, रंध्रं 1-2 मध्ये. तिथे ‘छटाथर’ आणि ‘पोतथर’ असे दोनच शब्द कसे पुरतील? मधल्या पातळ्यांना काय म्हणणार? त्यापेक्षा ‘पातळी’ आणि क्रमांक बरे.

उजेडवाट
मधल्या पातळ्यांचं म्हणणं मान्य. डागाची कड अर्धी वर, अर्धी खाली जाते ती तिथेच. पण नवशिक्याला आधी दोनच थर शिकवावेत असं मी म्हणेन.

चौकट
बाकी जमलं. पण जबड्याच्या कडेला, काळ्या केसांशेजारी, त्वचेवर काळसर पट्टा आला. निवड तर फक्त गालाचीच होती.

खिडकीपाशी
निवडीच्या आत ब्लर दिला तरी तो बाहेरचे पिक्सेल ओढून घेतो. केसांचा काळेपणा तिथून गालावर आला. निवड केसांपासून Feather आणि Radius मिळून जेवढं होईल तेवढी तरी लांब ठेवा, तुमच्या आकड्यांत 45 पिक्सेल. कडेच्या पट्टीत ब्लर देऊच नका, छटाथरावर Clone Stamp कमी Opacity ने, 15-20 टक्के, आणि नमुना त्वचेचाच.

सांजभूल
पण पट्टा तर वरच्या थरातही दिसतो. कडेला एक पांढरी, एक काळी रेघ आहे.

उजेडवाट
ती असायलाच हवी. खालच्या थरात कड पसरलेली असते, वरची रेघ ती भरून काढते. दोन्ही थर चालू-बंद करून पाहा, काम सुरू करण्याआधी मूळ फोटोत तसूभरही फरक दिसता कामा नये. एका थरातली कड हलवली आणि दुसऱ्यातली तशीच राहिली की पट्टा उघडा पडतो.

पानसुपारी
‘नितळ’ घेतलं, ‘रंध्रं आणि लव राखून’ हेही घेतलं. संपादकांना नितळ हा शब्द पाण्याचाच वाटतो, त्यांनी वाक्य पुन्हा परत पाठवलंय. वारंवारता अजून मोकळीच आहे.

भूर्जपत्र
नितळ आणि निथळ एकच ना? निथळलेलं पाणीच नितळ होतं.

जुनंबाड
निथळणं म्हणजे अंगावरून पाणी गळणं. गाळ बसून पाणी स्वच्छ होतं त्याला आमच्याकडे निवळणं म्हणतात. संपादकांना ‘नितळ कांती’ हा प्रयोग दाखवा, तो बोलण्यात जुनाच आहे.