मॉडच्या इंटिग्रलला तुकडे पाडायचेच का?

खानापूरचा_पीयूवाला: सेकंड पीयूला आहे. ∫₀³ |x² − 3x + 2| dx हे सर 1 वर आणि 2 वर तोडून तीन तुकड्यांत करायला लावतात. माझं मत, हा नुसता वेळ घालवायचा धंदा आहे. मॉड काढून सरळ इंटिग्रेट करावं, उत्तर निगेटिव्ह आलं तर चिन्ह उलटं करावं. सीईटीत 80 मिनिटांत 60 प्रश्न, तिथं एवढं कोण लिहीत बसणार? पटतंय का कुणाला?

टिळकवाडीच्या_बाई: नाही पटत. करून बघ की. F = x³/3 − 3x²/2 + 2x. F(0) शून्य, F(3) = 3/2. उत्तर पॉझिटिव्हच आलं, म्हणजे उलटं करायला काही उरलंच नाही, आणि तू खुशाल 3/2 वर खूण करून पुढं जाणार. बरोबर उत्तर 11/6 आहे. 1 ते 2 मध्ये आलेख अक्षाखाली जातो, तिथलं क्षेत्रफळ 1/6. ते मिळवायचं होतं, तू वजा केलंस, म्हणून बरोबर दुप्पट, 1/3 चा फरक पडला. पेपर काढणारा पर्यायांत 3/2 ठेवल्याशिवाय राहत नाही.

निपाणी_क्लासवाले: बाईंचं गणित बरोबर, पण पोरगं म्हणतंय त्यातही तथ्य आहे. आमच्याकडं मुलं एका ओळीत करतात. |x − a| चं इंटिग्रल (x − a)|x − a|/2. ∫₀⁵ |x − 2| dx घ्या: वरची लिमिट 9/2 देते, खालची −4/2, वजाबाकी 13/2. तोडातोड नाही. आत काहीही असू दे, त्याचं इंटिग्रल काढा, त्या त्या ठिकाणचं चिन्ह लावा, लिमिट घाला, झालं.

टिळकवाडीच्या_बाई: पहिलं वाक्य खरं, शेवटचं नाही. तीच रीत वरच्या प्रश्नाला लावा. 0 ला आतली राशी पॉझिटिव्ह, 3 लाही पॉझिटिव्ह, म्हणजे पुन्हा F(3) − F(0) = 3/2. कारण F(1) = 5/6, आणि 1 ओलांडला की तुमचं चिन्ह ते एकदम −5/6 करतं. फलनानं अशी उडी मारली की नुसत्या दोन टोकांच्या किमती घालून चालत नाही.
|x − 2| ला जमलं, कारण तुम्ही (x − 2)²/2 घेतलं. ते 2 वर शून्य आहे, चिन्ह बदललं तरी उडी पडत नाही. त्याऐवजी x²/2 − 2x घेऊन बघा, 13/2 च्या जागी 5/2 येईल. दोन्ही इंटिग्रल बरोबरच, फरक फक्त स्थिरांकाचा. आमच्या प्रश्नात F(1) = 5/6 आणि F(2) = 2/3, एकच स्थिरांक दोन्ही ठिकाणी शून्य कसा करणार?

चिकोडीचे_पालक: आमच्या मुलीचं ∫₀¹ (x² − x) dx ला −1/6 आलं. क्षेत्रफळ निगेटिव्ह कसं म्हणून तिनं वजा खोडलं, तर मार्क कापले! आता इथं तुम्ही वजाचं अधिक करा म्हणताय. नेमकं काय करायचं ओ?

टिळकवाडीच्या_बाई: तुमच्या मुलीच्या प्रश्नात मॉड नव्हता, क्षेत्रफळही विचारलं नव्हतं. तिथं −1/6 हेच उत्तर. मार्क बरोबर कापले.

हुक्केरीचा_इंजिनिअर: दोघांच्या मधली वाट सांगतो. तोडायचं, पण कुठं प्लस कुठं मायनस हे बघत बसायचं नाही. मुळं काढा, लिमिटच्या बाहेरची सोडून द्या, मग प्रत्येक तुकड्याची नुसती किंमत घ्या. वरच्या प्रश्नात F च्या किमती ओळीनं 0, 5/6, 2/3, 3/2. शेजारशेजारचे फरक 5/6, 1/6, 5/6. वजा आलं तर सोडा, बेरीज करा, 11/6. कच्च्या कामाच्या चार ओळी.
आणखी एक, मूळ आलं म्हणून चिन्ह बदलतंच असं नाही. (x − 1)²(x − 2) हे 1 वर शून्य होतं, पण दोन्हीकडं निगेटिव्हच राहतं, खरा तोड फक्त 2 वर. 1 वर तोडलं तरी उत्तर चुकत नाही, एक ओळ वाढते एवढंच.

निपाणी_क्लासवाले: हे झकास. उडीचं बाईंचं मान्य, रेषीय राशीपुरतंच आमचं सूत्र ठेवू. ही चार ओळींची रीत उद्यापासून चालू.

टिळकवाडीच्या_बाई: सीईटीला चालू करा. बोर्डाच्या पेपरात 1 ते 2 मध्ये |f| = −f हे लिहिलेलं दिसलं नाही तर मी तरी त्या पायरीचा मार्क देणार नाही.

हुक्केरीचा_इंजिनिअर: का नाही बाई? तुकड्यात चिन्ह एकच असेल तर त्याच्या इंटिग्रलचा मॉड आणि मॉडचं इंटिग्रल एकच. एवढं वाक्य वर लिहिलं की सिद्धताच झाली की.

टिळकवाडीच्या_बाई: ते वाक्य लिहिणारा पोरगा दाखवा, मग बघू.

खानापूरचा_पीयूवाला: बरं, तुकडे पाडतो. पण |x − cos x| ला 0 ते 1 मध्ये कुठं तोडू? मूळच निघत नाही.

हुक्केरीचा_इंजिनिअर: कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेव आणि cos दाबत राहा, 0.739 च्या आसपास येऊन थांबेल. तोड तिथंच, फक्त उत्तर अंदाजे येणार.