मदत हवी आहे : अंडी व प्रोटीन पावडरशिवाय रात्रीच्या जेवणातील प्रथिने कशी वाढवावीत?

मी रत्नागिरीत राहतो, वजन ६५ किलो आहे आणि सहा महिन्यांपासून नियमित जिमला जातो. किलोमागे १.६ ग्रॅम या हिशेबाने मला दिवसाला सुमारे १०४ ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धा लिटर दूध, कोरडे वजन ५० ग्रॅम असलेले सोया चंक्स आणि १०० ग्रॅम पनीर यांतून अंदाजे ६० ग्रॅम मिळतात, तर भात-भाकरीतून आणखी पंधरा.

खरी अडचण रात्रीची आहे. कुळीथ पौष्टिक म्हणून मी वाटीभर पिठीवर निर्धास्त होतो. परंतु त्या पातळ पिठीत जेमतेम २० ग्रॅम पीठ असते, म्हणजे प्रथिने चार-पाच ग्रॅमच. (आईला हे अजून सांगितलेले नाही.) म्हणून ७५ ग्रॅम कुळीथ भिजवून, मोड आणून उसळ केली, त्यातून सोळाएक ग्रॅम मिळाले, पण जिमहून येऊन नऊ वाजता खाल्ल्याने रात्रभर पोट फुगले.

ही उसळ दुपारी खाऊन रात्री पनीर घ्यावे, की कुळथाऐवजी मूग योग्य ठरतील? उरलेल्या बारा-तेरा ग्रॅमसाठी आपण काय खाता, तेही प्रमाणासह कृपया कळवावे.