दोन कंपन्या, एक माणूस, 48 तास: बेरीज कुणी करायची?

मूळ पोस्ट: बेळगावच्या उद्यमबागेत सकाळी 7 ते 3:30, जेवणाचा अर्धा तास सोडून, सहा दिवस. त्यातले चार दिवस मच्छेत 5 ते 9. आठवड्याला 64 तास, मर्यादा 48 ची, तरी दोन्हीकडचं मस्टर स्वच्छ. पीएफवरून बेरीज कळत नाही का?

हिशेबनीस: राग येतो तो याच समजुतीचा. एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरावर, दोन कंपन्यांचा भरणा दिसला तर माणूस महिन्यात दोन्हीकडे होता एवढंच कळतं. भरण्यात पगार असतो, बिनपगारी दिवस असतात, तास नसतात. आणि तुमच्या उदाहरणात अडचण बेरजेची नाहीच. फॅक्टरी ॲक्टचं कलम 60 सरळ सांगायचं, एका कारखान्यात काम केलं त्या दिवशी दुसऱ्यात घ्यायचं नाही. त्याच्या जागी आलेल्या नव्या कोडात "त्या दिवशी" जाऊन "आधीच्या बारा तासांत" आलंय. आता घड्याळ लावा. 3:30 ला सुटलेला 5 ला मच्छेत, म्हणजे मच्छेवाला अडकला. रात्री 9 ला सुटून सकाळी 7 ला पुन्हा उद्यमबागेत, मध्ये दहाच तास. पहिला मालकही अडकला! जुन्या कलमात ही सकाळ सुटायची.

वडगावचा टर्नर: कलम राहू दे ओ. मी तीन वर्षं असंच केलं, पोरीची फी होती. दुसरीकडं रोख, कार्ड नाही, पंचिंग नाही. एकदा डोळा लागला आणि चकचा दांडा चकातच राहिला. मशीन चालू केल्यावर तो माझ्या कानाजवळून गेला. पहिल्याच ठिकाणी ओव्हरटाइम दुप्पट दिला असता तर गेलो असतो का? तिथं नुसत्या बेसिकवर काढायचे.

सीमावासी: आणि तासांचा बोर्ड कुठल्या भाषेत होता? फॅक्टरी ॲक्टचं कलम 108 म्हणायचं: इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा. आमच्या शेडमध्ये तीसपैकी बावीस मराठी, बोर्डावर मराठीचं अक्षर नाही.

खानापूर रोड: झालं, सीमाप्रश्न आला! कन्नड वाचायला शिका की, चाळीस वर्षं इथं राहताय.

सीमावासी: शिकलोय, तुमच्यापेक्षा बरं बोलतो. कायदा "समजणारी" म्हणायचा, "शिकायला हवी ती" नाही.

खानापूर रोड: बरं, बोर्ड मराठीत लावा. मग टर्नरसाहेब दुसरीकडं जायचे थांबणार, नाही का?

वडगावचा टर्नर: बोर्ड वाचून पोट भरत असेल तर लावा.

छोटा मालक: नुसत्या रविवारी आला तर? शनिवारी 3:30 ला सुटतो, रविवारी 8 ते 4:30 माझ्याकडे, सोमवारी 7 ला तिकडे.

हिशेबनीस: साडेसोळा तास, मग साडेचौदा. बारा तासांच्या कलमात बसतंय, मान्य. पण 48 अधिक 8, छप्पन्न झाले.

छोटा मालक: फॅक्टरी ॲक्टमध्ये "कारखान्यात 48 तास" होतं. माझ्या कारखान्यात आठच.

हिशेबनीस: मग सुट्टी कुणी दिली, कुणी खाल्ली? भरती करताना "दुसरीकडे कधी सुटतोस" हे लिहून घ्या, सही घ्या. खोटं सांगितलं तर निदान कागद राहील.

वडगावचा टर्नर: खोटंच सांगणार ओ. खरं सांगितलं तर घेणार कोण?