मदत हवी आहे : ट्रायल स्वस्त, पण पैसे भरणारा ग्राहक महाग

नमस्कार मंडळी. आमचं किराणा दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर आहे. १४ दिवस मोफत, नंतर वर्षाला ६,००० रुपये. फेसबुक आणि गूगल सर्च, दोन्हीकडे जाहिरातीवर प्रत्येकी ४०,००० रुपये खर्च केले. फेसबुकवरून २०० ट्रायल आल्या, म्हणजे एक २०० रुपयांना. गूगलवरून ८०, एक ५०० रुपयांना. पार्टनर म्हणतो, सगळं बजेट फेसबुकला द्या. पण त्या २०० पैकी पैसे भरले फक्त ४ जणांनी, ८० पैकी १० जणांनी. म्हणजे एक ग्राहक तिकडे १०,००० ला, इकडे ४,००० ला पडला. १०,००० तर वर्षाच्या फीपेक्षाही जास्त!

अडचण पुढे आहे. फेसबुक क्लिकनंतर ७ दिवसांपर्यंतचंच मोजतं आणि आमच्याकडे पैसे येतात १४ दिवसांनंतर. त्यामुळे त्याला खरा ग्राहक दिसतच नाही, ते फुकट बघणारेच आणत राहतं. गूगलला प्रत्येक क्लिकच्या gclid या आयडीवरून पेमेंट नंतर कळवता येतं, पण महिन्याला १० पेमेंटवर त्याचं बिडिंग काय शिकणार?

म्हणून पहिल्या आठवड्यात २० बिलं काढणारं दुकान हेच कन्व्हर्जन धरावं, असा विचार आहे. असं कुणी केलंय का? बिलांचा आकडा कसा ठरवलात?