अनुभव धागा: लेकराला जुलाब लागले तेव्हा घरी ओआरएस कसं केलंत?

सुनंदा, जालना
टँकरचं पाणी सुरू झालं की आमच्या गल्लीत लहान लेकरांचे जुलाब सुरू होतात. पाकीट प्रत्येक घरात असतं, पण ते किती पाण्यात कालवायचं हे दर घरी वेगळं! तुम्ही पाणी कसं मोजता, आणि लेकराच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे कशावरून ओळखलंत, तेवढं लिहा. ऐकीव नको, घरात घडलेलं सांगा.

लातूरची मावशी
आम्ही पाकीट आणतच नाही. तांब्याभर पाणी, मूठभर साखर, चिमूटभर मीठ, वरून लिंबू. चवीला बरं लागलं की झालं. माझी दोन्ही नातवंडं त्यावरच बरी झाली.

आशाताई, हिंगोली जिल्हा
मावशी, साखर-मीठ दोन्ही घालता हे बरोबरच आहे. पण मूठ आणि चिमूट प्रत्येकाची निराळी. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर लेकराच्या जिवावर बेततं. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत येतो तो पाच मिलीचा, भाजीचा नव्हे. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून नव्यानं करा. मात्र यात पाकिटातलं पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळालं की त्यावरच यायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका तांड्यावरून निरोप आला. चौदा महिन्यांचं लेकरू, सकाळपासून पातळ संडास. आजीनं लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं, लवकर गुण यावा म्हणून. लेकरू पीत होतं, पण तहान हटेना आणि रडं थांबेना. मी तो पेला ओतून दिला. पाण्याची लिटरची बाटली घरात होती, तीच माप धरली. उकळून गार केलेलं पाणी गळ्यापर्यंत भरून पातेल्यात ओतलं आणि त्यात एक पाकीट कालवलं.

मग पोटाची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून सोडली. लगेच बसायला पाहिजे ती सावकाश बसली. डोळे खोल गेले होते, रडताना पाणी येत नव्हतं, पण चमचा दिसला की झडप घालत होतं. म्हणजे पाणी कमी झालं होतं, तरी तोंडानं देण्याजोगं होतं. उपकेंद्रात नेऊन वजन केलं, आठ किलो. किलोला पंच्याहत्तर मिली, म्हणजे चार तासांत सहाशे मिली द्यायचं. दोन मिनिटांना एक चमचा धरला की हिशोब बरोबर बसतो. मधे उलटी झाली, तेव्हा दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा हळूहळू सुरू केलं. आईचं दूध चालूच होतं. तिसऱ्या तासाला लघवी झाली तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला.

बीडचा बाप
आमच्या मुलीला दुकानातून पाकीटबंद गोड पेय आणलं होतं, नावात ओआरएस होतं. डॉक्टर म्हणाले, यात साखर फार, हे बंद करा. २०२५ मध्ये अशा पेयांवर ओआरएस लिहायला मनाई झालीय म्हणे. आता मेडिकलमध्ये पावडरच मागतो. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, मोठं लिटरचं. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून मागे लिहिलेलं वाचूनच कालवतो.

रेखा, परभणी
सासूबाईंना शुगर आहे, त्यांना जुलाबात हे चालतं का? घरात मतभेद झालेत.

सुनंदा, जालना
रेखाताई, धागा लेकरांचा आहे. मोठ्यांच्या शुगरचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

नांदेडची आई
आमच्याकडं दात येतानाचे जुलाब म्हणून दोन दिवस बघत बसले होते सगळे. नर्सबाईंनी विचारलं, लघवी कधी झाली? कुणालाच सांगता येईना, कारण डायपरमध्ये संडास-लघवी एकत्रच. तेव्हापासून जुलाबात सुती लंगोटच बांधते, ओला कधी झाला ते कळतं. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी त्या बंद करायच्या नसतात, हे तिथंच कळलं. पण खाणं बंद ठेवावं की द्यावं, यावर घरात अजून वाद आहे.

आशाताई, हिंगोली जिल्हा
खाणं बंद ठेवू नका. मऊ भात, वरण, खिचडी, दही, जे खातंय ते थोडं थोडं द्या. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर पन्नास ते शंभर मिली ओआरएस, तेही चमच्यानं. कालवलेलं चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं.

आणि लेकरू मलूल पडलं, हाक मारूनही डोळे उघडेना, चमचा तोंडाला लावला तरी पिईना, किंवा चिमटीतली कातडी दोन सेकंदांपेक्षा जास्त उभी राहिली, तर घरी कालवत बसू नका. १०८ ला फोन करा. संडासात रक्त दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लातूरची मावशी
तो पाच मिलीचा चमचा शोधून ठेवलाय. लिंबू घातलं तर चालेल का, ते सांगा.