अनुभव धागा: ‘तुमची माहिती बाहेर गेली आहे’ असं पत्र आलं तेव्हा, लिहावं लागलं तेव्हा

सूचीपर्ण

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत ग्राहकसेवा बघते. कोकणातल्या घरगुती निवासांचं बुकिंग करणं हे आमचं काम. गेल्या मार्चमध्ये आमच्याकडून ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि त्यांना मेल लिहायचं काम माझ्यावर आलं. त्याआधी असं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं. इथल्या कोणाला असं पत्र आलं असेल किंवा लिहावं लागलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा. सुरुवात माझ्यापासून करते.

चाचणीसाठी आमच्या एका सहकाऱ्याने ग्राहकांच्या डेटाबेसची प्रत क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये ठेवली. तो फोल्डर सगळ्यांना उघडा राहिला. ऑक्टोबर ते मार्च कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी बाहेरच्या एका सुरक्षा अभ्यासकाने आम्हाला कळवलं. फोल्डर त्याच दुपारी बंद केला, पण मेल जायला सहा दिवस लागले. त्यातले चार दिवस एकाच वाक्यावर गेले.

वकिलांच्या मसुद्यात होतं, ‘माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळलेला नाही.’ वाक्य खोटं नव्हतं. पण आमच्याकडे फोल्डर कोणी उघडला याच्या नोंदी फक्त ३० दिवसांच्या होत्या आणि फोल्डर साडेचार महिने उघडा होता. जिथे बघायची सोयच नाही तिथे पुरावा आढळणार कसा? वाचणाऱ्याला मात्र ‘काही झालं नाही’ असंच वाटणार. मी त्या वाक्यावर अडून बसले. शेवटी गेलेला मजकूर हा:

> विषय: तुमच्या बुकिंगची माहिती आमच्याकडून बाहेर गेली आहे
>
> आमच्या ग्राहकांच्या माहितीची एक प्रत इंटरनेटवरच्या फोल्डरमध्ये होती आणि तो फोल्डर पासवर्डशिवाय उघडत होता. ही चूक आमची आहे. १९ ऑक्टोबरपासून ३ मार्चपर्यंत तो उघडा होता. शेवटच्या ३० दिवसांत दोन अनोळखी ठिकाणांहून ही प्रत उतरवून घेतली गेली. त्याआधी कोणी घेतली का, हे आम्हाला सांगता येत नाही, कारण त्या काळाच्या नोंदी आमच्याकडे नाहीत.
>
> तुमचं नाव, मोबाइल नंबर, ईमेल, मुक्कामाच्या तारखा आणि तुम्ही पाठवलेला आधार कार्डाचा फोटो त्यात होता. तुमच्या बँकेची किंवा कार्डाची माहिती त्यात नव्हती, कारण ती आमच्याकडे येतच नाही.

शेवटचा परिच्छेद सगळ्यांना सारखा नव्हता. साधारण नऊ हजार ग्राहकांपैकी सहाशेच्या आसपास लोकांनीच आधारचा फोटो पाठवला होता. सगळ्यांना एकच मेल पाठवून ‘काही ग्राहकांच्या बाबतीत ओळखपत्रही’ असं लिहिलं असतं, तर नऊ हजार जण घाबरले असते आणि त्या सहाशेंना आपण त्यात आहोत हे कळलंच नसतं. म्हणून दोन याद्या केल्या. फोटोवाल्यांना पुढचं सांगितलं: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधार कुठे वापरला गेला याच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी UIDAI च्या संकेतस्थळावर बघा, आणि आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते sancharsaathi.gov.in वर तपासा. बाकीच्यांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना फक्त फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगितलं.

एक गोष्ट राहून गेली आणि ती अजून सलते. ज्यांचा मुक्काम पुढच्या दोन आठवड्यांत होता, त्यांना आधी फोन करायला हवे होते. तारखा, नाव आणि नंबर हाती आल्यावर ‘बुकिंग रद्द होतंय, आत्ता उरलेले पैसे भरा’ असा फोन करणं अगदी सोपं. दोन कुटुंबांना तसे फोन आले. एकाचे साडेआठ हजार गेले. मेल त्यांना दुसऱ्या दिवशी मिळाला.

लोकल८१२

मी पत्र मिळालेल्या बाजूचा. एका ऑनलाइन दुकानाकडून मेल आला होता. चार परिच्छेद, त्यातले तीन ‘आपल्या विश्वासाला आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो’ या थाटाचे. काय गेलं, तर ‘काही वैयक्तिक माहिती’. मी पासवर्ड बदलला, बँकेत फोन करून कार्ड बंद केलं, नवीन कार्ड येईपर्यंत दहा दिवस अडकलो. प्रत्यक्षात गेलं होतं ते पत्ता, फोन आणि काय विकत घेतलं त्याची यादी. हे पुढे महिन्याभराने कळलं, जेव्हा आईला फोन आला, ‘तुमच्या वॉशिंग मशीनची वॉरंटी संपतेय.’ मॉडेल नंबरसकट. आईने विश्वास ठेवला, कारण मॉडेल नंबर परक्याला कसा माहीत असणार? ‘आमचं नाव आणि तुमची ऑर्डर सांगून कोणी फोन करेल, तो आमचा नसेल’ एवढं एक वाक्य त्या मेलमध्ये असतं तरी पुरलं असतं.

तिसरी घंटा

दोन मुद्दे. एक, कायद्याने ७२ तासांत ग्राहकांना कळवावंच लागतं, त्यामुळे सूचीपर्ण यांचे सहा दिवस नियमाबाहेरचे. दोन, पासवर्ड हॅश केलेले, म्हणजे गणिती सूत्राने वेगळ्याच अक्षरांत बदलून साठवलेले असतील तर पत्रात त्याचा उल्लेख करून लोकांना घाबरवू नये. हॅशवरून पासवर्ड परत मिळत नाही.

जुनी तार

मी बरीच वर्षं अशा प्रसंगांत कंपन्यांच्या बाजूने काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

७२ तास ही मुदत नियामकाला सविस्तर माहिती देण्याची आहे. युरोपच्या कायद्यात तसंच आहे, आणि आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांतही डेटा संरक्षण मंडळासाठीच ७२ तास आहेत. ज्याची माहिती गेली त्याला विनाविलंब, साध्या स्पष्ट शब्दांत कळवायचं आहे, तिथे तासांचा आकडा नाही. शिवाय हा भाग अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतो. सायबर सुरक्षा बघणाऱ्या CERT-In या सरकारी यंत्रणेला सहा तासांत कळवायचं, ते वेगळं आणि २०२२ पासूनच आहे. म्हणजे सहा दिवस नियमाबाहेर होते असं नाही. पण पुढच्या आठवड्यात मुक्काम असलेल्या माणसासाठी ते फार होते, हे सूचीपर्ण यांचं म्हणणं मला पटतं.

हॅशचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. उलटं फिरवता येत नाही हे खरं, पण चोर उलटं फिरवतच नाही. तो लाखो पासवर्ड स्वतः हॅश करतो आणि जुळणारे शोधतो. एका प्रकरणात २०१६ च्या आधीच्या खात्यांचे पासवर्ड MD5 या हॅश-पद्धतीने साठवले होते आणि नंतरचे bcrypt या पद्धतीने. MD5 इतकं झटपट होतं की साधे आठ अक्षरी पासवर्ड बघता बघता सापडतात. bcrypt मुद्दाम संथ केलेलं असतं, त्यामुळे तिथे वेळ मिळतो. आम्ही दोन पत्रं केली. जुन्या खात्यांना लिहिलं, ‘तुमचा पासवर्ड कळला आहे असं समजूनच वागा, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे आज बदला.’ ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. ‘पासवर्ड एन्क्रिप्टेड होते’ असं मोघम लिहिलं असतं तर कोणीच काही केलं नसतं.

सल्ला आणि गेलेली माहिती यांचा मेळ बसला पाहिजे. एअर इंडियाचं मे २०२१ चं पत्र अनेकांना आठवत असेल. प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या SITA कंपनीकडून ती गेली होती, जगभरात सुमारे ४५ लाख लोकांची. त्या पत्रात २६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१ अशा नेमक्या तारखा होत्या. पासपोर्टचा तपशील गेला, कार्डाचा गेला पण मागचा CVV त्या कंपनीकडे नव्हता, हेही होतं. हे चांगलंच. पण पासवर्ड गेले नाहीत असं सांगून पुढे सल्ला दिला पासवर्ड बदलण्याचा. पासपोर्टचा नंबर गेलेल्या माणसाने त्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथेच राहिला.

मीठभाकरी

आमच्या बाबांना (सांगली, वय ७४) असा खरा मेल आला आणि त्यांनी तो फसवणुकीचा समजून उडवला. चूक त्यांची नव्हती. इंग्रजीत होता, पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा नव्हता, घाऊक मेल पाठवणाऱ्या कुठल्यातरी सेवेचा होता, आणि मध्ये मोठं निळं बटण, ‘इथे दाबून खातं सुरक्षित करा.’ असं बटण दाबायचं नाही हे आम्हीच त्यांना शिकवलंय!

सूचीपर्ण, तुमच्या मेलमध्ये लिंक होती का? आणि मराठीत पाठवला होता का?

सूचीपर्ण

दाबायची लिंक एकही ठेवली नाही. ‘पत्ता स्वतः टाइप करा’ असं लिहिलं. आमच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर तोच मजकूर लावला, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला पडताळता येईल. मेल मराठी आणि इंग्रजी दोन्हीत होता, मराठी वर. तरीही बऱ्याच जणांच्या स्पॅममध्ये गेला, कारण एका दिवसात एवढे मेल आम्ही कधी पाठवलेच नव्हते. दर तासाला थोडे थोडे पाठवायला हवे होते, असं नंतर सांगण्यात आलं. पण मग शेवटच्या माणसाला आणखी उशीर होतो. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सोनचाफा

माझ्या मिस्टरांना परवा वीजबिलाच्या नावाने फोन आला आणि ओटीपी दिल्यावर खात्यातून २२ हजार गेले. आम्हाला कोणताच मेल आलेला नाही. वीज कंपनीने आम्हाला कळवायला हवं होतं ना?

जुनी तार

ताई, हा प्रकार वेगळा आहे. तुमचा नंबर कुठून मिळाला हे कळायला मार्ग नाही, आणि असे फोन सरसकट सगळ्यांना केले जातात. पण ते आत्ता राहू दे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केलात का? नसेल तर लगेच करा आणि बँकेलाही लेखी कळवा, त्याची पोच घ्या. पैसे पुढच्या खात्यातून निघून गेले नसतील तर तिथेच गोठवता येतात.

सोनचाफा

बँकेला काल सांगितलं, फक्त तोंडी. १९३० आता लावते.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. आमच्याकडे अशी पत्रं टपालाने येतात, गेल्या तीन वर्षांत चार आली. चारही पत्रांवर तेच मथळे: काय झालं, कोणती माहिती होती, आम्ही काय करतोय, तुम्ही काय करू शकता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे मथळे ठरवूनच दिलेत, म्हणून बऱ्याच कंपन्या सगळीकडे तोच साचा वापरतात. तिसरं पत्र आलं ते माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या पालकांना, म्हणजे आम्हाला. तिच्या डॉक्टरांचं बिलिंग करणाऱ्या कंपनीकडून तिचा सोशल सिक्युरिटी नंबर गेला होता. त्या कंपनीचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पत्राच्या पहिल्या ओळीत ‘तुमच्या डॉक्टरांचं बिलिंग आम्ही करतो’ एवढं असतं तर मी ते जाहिरात समजून आठवडाभर तसंच ठेवलं नसतं.

त्यांनी दोन वर्षांची मोफत क्रेडिट देखरेख देऊ केली. मुलीच्या नावावर क्रेडिटच नाही, देखरेख कशाची करणार? खरा उपाय म्हणजे तिच्या नावावर क्रेडिट गोठवणं, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिच्या नावाने कर्ज काढता येत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०१८ पासून मोफत आहे, पण एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळा अर्ज करून, जन्मदाखला जोडून. पत्रात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. तो नंबर तिला जन्मभर वापरायचाय आणि देखरेख दोनच वर्षांची.

लोकल८१२

सूचीपर्ण, त्या साडेआठ हजारांचं काय झालं? कंपनीने दिले का?

सूचीपर्ण

दिले. वकिलांचं म्हणणं होतं की दिले तर चूक कबूल केल्यासारखं होईल. पण ‘ही चूक आमची आहे’ हे मेलमध्ये आधीच लिहिलेलं होतं. ज्या दुसऱ्या कुटुंबाला फोन आला होता त्यांनी पैसे भरले नव्हते, त्यांनी आधी निवासमालकांना फोन करून विचारलं. आता बुकिंगच्या पावतीवरच निवासमालकांचा नंबर छापतो.

जुनी तार, एक विचारायचं राहिलं. त्या दोन अनोळखी ठिकाणांपैकी एक त्या सुरक्षा अभ्यासकाचंच होतं असं परवा कळलं. ग्राहकांना पुन्हा मेल करून हे सांगावं का? आमच्याकडे यावर दोन मतं आहेत.

जुनी तार

मी सांगेन, पण चार ओळींत. त्यात ‘दुसरं ठिकाण अजून अनोळखीच आहे आणि आधी दिलेल्या सूचना तशाच लागू आहेत’ हे पहिल्या ओळीत घ्या. नाहीतर लोक अर्धं वाचून आधारचं लॉक काढून टाकतील.