मदत हवी आहे: काळ्या मातीत 180 फूट प्रीकास्ट कंपाउंड, पोल किती खोल घ्यावेत?

धागाकर्ता: वाळू_खडी

नमस्कार. लातूर तालुक्यात एका प्लॉटला कंपाउंडचं काम घेतलंय. मध्ये गेट सोडून दोन्ही बाजू धरून 180 रनिंग फूट, उंची 6 फूट. मालकांना पावसाळ्याआधी काम हवंय, म्हणून विटेऐवजी पोल-प्लेटचं प्रीकास्ट ठरलंय. प्लेट 7 फूट लांब, 1 फूट उंच, 2 इंच जाड. पोल 6 बाय 6 इंच, दोन्हीकडे खाच असलेला. कारखानदार म्हणतो पोल 8 फुटांचा, त्यातला 2 फूट जमिनीत. माती पूर्ण काळी आहे, अडीच-तीन फुटांखाली मुरूम लागतो. 2 फूट पुरेल का? शिवाय प्लेट तपासून कशा घ्यायच्या?

गवंडी_काका

2 फूट पुरतं. सगळीकडे तसंच करतात. पोल वाकतो तो खोली कमी म्हणून नाही, खड्ड्यातला माल हलका म्हणून. 1:2:4 चा माल टाका, नीट ठासा, आठवडाभर पाणी मारा. दगड-मातीने खड्डा भरला तर कुठलाही पोल हलणारच.

मुरूमवाडी

काका, मालाबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे. पण काळ्या मातीत खोलीचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

7 फुटांच्या एका गाळ्यात 6 फूट उंचीची भिंत म्हणजे 42 चौरस फूट. वादळी वाऱ्यात एवढ्या अंगावर साधारण साडेतीनशे किलोचा दाब येतो आणि तो जमिनीपासून 3 फूट उंचीवर बसतो. हे सगळं मधला पोल एकटा पेलतो. घट्ट मुरमात 2 फूट निभावून जातात. काळी माती मात्र उन्हाळ्यात आक्रसते आणि खड्ड्यातल्या काँक्रीटपासून सुटते. मे महिन्यात काँक्रीटच्या कडेला बोट जाईल एवढी फट दिसते. नेमक्या त्याच दिवसांत वळवाचा पाऊस जोराचा वारा घेऊन येतो. म्हणजे वारा सर्वांत जोरात असतो, तेव्हा पोलची पकड सर्वांत कमी. पुढे माती फुगते, पोल झुकलेल्या जागीच आवळला जातो आणि दरवर्षी थोडा थोडा पुढे जातो.

त्यामुळे पोल 9 फुटांचा मागा, 6 वर आणि 3 आत. खड्डा 15 बाय 15 इंच आणि सव्वातीन फूट खोल घ्या, म्हणजे तुमच्याकडे तळ मुरमात जाईल. तळाशी 3 इंच काँक्रीट, त्यावर पोल. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होऊ देऊ नका. कामगार नकळत तसाच खणतात आणि फुगणारी माती त्या पाचरीला वर ढकलते. जमल्यास तळ दोन-तीन इंच जास्त रुंद करा.

तुमचा हिशोब: 26 गाळे. मध्ये गेट असल्याने दोन वेगळ्या लाईनी, म्हणून पोल 28. प्लेट 156, फुटीसाठी पाच-सहा जादा. पोलची जागा वजा करून एका खड्ड्याला सुमारे 4.3 घनफूट, एकूण 120 घनफूट काँक्रीट. 1:2:4 ला 22 पोती सिमेंट लागेल, 24 आणून ठेवा. गेट मात्र या पोलवर टांगू नका, त्याला जागेवर ओतलेले आरसीसी कॉलम करा.

सुनीता_इंटिरियर

माझंही काम सुरू आहे, म्हणून इथेच विचारते. सेप्टिकसाठी 3 फूट व्यासाच्या रिंगा आणल्यात, त्याही अशाच 2 फूट खोल बसवायच्या का? घरात 5 माणसं.

मुरूमवाडी

ताई, रिंगांचा हिशोब खोलीवर नाही, पाण्यावर होतो. 3 फूट व्यासाच्या 1 फूट रिंगेत साधारण 200 लिटर मावतं. 5 माणसांच्या टाकीला 1100 लिटरच्या आसपास पाणी राहायला हवं, म्हणजे 6 रिंगा पाण्यासाठी आणि वर एक मोकळी. तळाला काँक्रीट आणि प्रत्येक जोड आतून-बाहेरून सिमेंट मालाने बंद केला नाही, तर ती टाकी न राहता शोषखड्डा होतो आणि मैला थेट जमिनीत जातो. जवळ विहीर किंवा बोअर असेल तर हे अजिबात करू नका. सविस्तर विचारायचं तर वेगळा धागा काढा.

वाळू_खडी

धन्यवाद दादा. कारखानदार 9 फुटी पोलला तयार आहे. आता प्लेट तपासणी आणि बसवण्याचा क्रम सांगाल का? त्याची टोळी म्हणते, एका दिवसात पोल आणि प्लेट दोन्ही करून देतो.

मुरूमवाडी

एका दिवसात दोन्ही करू देऊ नका, बहुतेक कामं तिथेच बिघडतात. पहिल्या दिवशी लाईनदोरी, पोल आणि फक्त सर्वांत खालची प्लेट. ती प्लेटच दोन पोलमधलं अंतर पक्कं करते. ओळंबा दोन्ही बाजूंनी लावा, पोलला टेकू द्या आणि काँक्रीट भरा. बाकीच्या पाच प्लेट किमान 3 दिवसांनी, वेळ असेल तर 7. एका प्लेटचं वजन 80 किलोच्या आसपास आहे, ओल्या काँक्रीटवर सहा चढवल्या की पोल जागेवरच कलतो.

प्लेट उचलण्याआधी कोपरा खिळ्याने खरवडा. वाळू सुटत असेल तर सिमेंट कमी किंवा पाणी कमी मारलंय. हातोडीने हलकं वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाजाची प्लेट बाजूला काढा. ओतल्याची तारीख विचारा. आठवड्याच्या आतली प्लेट गाडीतच तडकते. एक फुटलेली प्लेट मागून आतल्या तारा बघा, मधोमध आहेत की एका बाजूला उघड्या पडल्यात ते कळतं. गाडीत प्लेट कडेवर उभ्या लावायला सांगा, आडव्या थप्पीत खालच्या प्लेट धक्क्याने फुटतात.

पाटबंधारे_निवृत्त

कव्हर स्लॅबबद्दलही जोडतो, कारण गटारावर हेच लोक टाकतात. त्यात सळई तळाला असते. उलटा ठेवला की सळई वर जाते आणि पहिल्या ट्रॅक्टरखाली स्लॅब मोडतो. कारखान्यातच वरच्या बाजूला रंगाची खूण करून घ्या.

कंपाउंडच्या बाबतीत मात्र मी खाली 9 बाय 9 इंचाचा प्लिंथ बीम घेईन. नाहीतर प्लेटखालून कुत्री, साप, पावसाचं पाणी सगळं आत येतं.

मुरूमवाडी

साहेब, काळ्या मातीवर टेकलेला बीम माती फुगली की उचलला जातो आणि त्यावरच्या प्लेट खाचेत अडकून तडकतात. बीम घ्यायचाच तर त्याखाली 3 इंच पोकळी हवी. मी खालची प्लेट पोलच्या काँक्रीटवर टेकवून खाली 3 इंच मोकळं ठेवतो आणि फट सुट्या मुरमाने भरतो, ठासत नाही.

पाटबंधारे_निवृत्त

सुटा मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो. पोकळी ठेवून बीम केला तर खर्च वाढेल, पण मी तोच सुचवेन.

गवंडी_काका

शेजारच्या प्लॉटची भर किती आहे ते कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे शेजाऱ्याने दीड फूट मुरूम भिंतीला लावून टाकला आणि खालच्या दोन प्लेट पोटात आल्या.

वाळू_खडी

पूर्वेचा प्लॉट अजून रिकामा आहे, पण रस्त्यापेक्षा फूटभर खाली, म्हणजे भर होणारच.

मुरूमवाडी

मग त्या बाजूला काकांचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. 2 इंची प्लेट माती अडवण्यासाठी नसतेच. पूर्वेच्या लाईनला आधी होणाऱ्या भरीच्या उंचीपर्यंत दगडी किंवा आरसीसी भिंत घ्या, तिचा पाया मुरमात न्या, त्यात पाणी जायला छिद्रं ठेवा आणि प्लेट त्यावर सुरू करा. त्या बाजूचे पोल भिंतीतच धरावे लागतील, म्हणून कारखान्याला ऑर्डर देण्याआधी पूर्वेची लांबी मोजून इथे टाका.